गॅसची शेगडी आणि गाडीची टाकी



आमच्या घरात सिलिंडर संपला की पहिला प्रश्न स्वयंपाकघरात येतो. "इतक्या लवकर कसा संपला? गॅस बारीक करत नाही का कुणी?" गाडीची टाकी संपली तर मात्र कुणी कुणाला विचारत नाही. मागच्या महिन्यात या दोन्हींचा हिशोब एकाच वहीत मांडायचा असं मी ठरवलं. रुपयांचा नाही, तर जळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा.

त्यासाठी तीनच आकडे लागतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, एक लिटर डिझेलचा सुमारे २.७ किलो आणि स्वयंपाकाच्या एक किलो गॅसचा सुमारे ३ किलो.

हे आकडे मी वाचून दाखवले तेव्हा धाकट्या जाऊबाई हसल्याच. "ताई, लिटरभर पेट्रोल पाऊण किलोसुद्धा भरत नाही. त्यातून सव्वादोन किलो धूर कसा निघेल?"

शंका अगदी रास्त होती. उत्तर आपल्या भाताच्या पातेल्यात आहे. पाव किलो तांदूळ शिजवला की भात पाऊण किलोच्या आसपास भरतो, कारण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. पेट्रोलचंही तसंच होतं, फक्त त्यात पाण्याऐवजी हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरतं. त्यात शंभरातले सुमारे ८६ भाग कार्बन, म्हणजे जवळपास ६३६ ग्रॅम. जळताना कार्बनच्या प्रत्येक १२ ग्रॅमला ऑक्सिजनचे ३२ ग्रॅम चिकटतात आणि ४४ ग्रॅम वायू तयार होतो. म्हणून ६३६ ला ४४ ने गुणून १२ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे २,३३० ग्रॅम. यातला जवळपास १,७०० ग्रॅम ऑक्सिजन आपण पंपावर विकत घेतलेला नसतो, तो वाटेतल्या हवेतून येतो. पेट्रोलमधला उरलेला भाग हायड्रोजनचा. त्याची वाफ होते, थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून ठिबकणारं पाणी ते हेच.

डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं, म्हणून लिटरमागे त्याचा आकडा मोठा. पण डिझेलची गाडी लिटरला जास्त चालते, त्यामुळे नुसता लिटरचा आकडा बघून तिला दोष देऊ नये. एकूण किती लिटर लागले ते बघावं.

आता वही उघडते. आम्ही घरात सात माणसं. महिन्यात एक सिलिंडर लागला. त्यात १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. दोन स्कूटी मिळून १४ लिटर पेट्रोल लागलं, त्याचे ३२ किलो. गाडीला ३४ लिटर, त्याचे ७८ किलो. एकूण १५२ किलो. विजेचा हिशोब यात धरलेला नाही, तो युनिटवरून वेगळा करावा लागतो.

दोन्ही वेळचा सात जणांचा स्वयंपाक, चहा, दूध, प्यायचं पाणी उकळून गार करणं, हे सगळं मिळून ४२ किलो, आणि फिरण्याचे ११० किलो. गाडीची एक टाकी भरली की जवळजवळ दोन सिलिंडर जाळल्यासारखं होतं. ही ओळ मी जेवणाच्या वेळी मोठ्यानं वाचली. त्या दिवसापासून शेगडीबद्दल कुणी बोललेलं नाही.

मोजताना माझी एक चूक झाली होती, ती तुमची होऊ नये. मी आधी किलोमीटरवरून हिशोब केला. घरात सगळे म्हणतात, गाडी लिटरला १८ देते. त्या हिशोबानं किलोमीटरला १२८ ग्रॅम पडतात. मग टाकी पूर्ण भरून मीटरचा आकडा लिहून ठेवला, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरली आणि किती लिटर बसलं ते पाहिलं. कारंजातल्या गर्दीत, बाजार आणि शाळेच्या फेऱ्यांत ती १३ च देत होती. म्हणजे किलोमीटरला १७७ ग्रॅम. इंजिन कसंही चालवा, एसी लावा नाहीतर बंद ठेवा, जळलेल्या लिटरचा आकडा फसवत नाही. म्हणून पंपाची पावती हीच खरी नोंद. दुसरी गफलत गॅसची: सिलिंडर किलोत मोजायचा, लिटरचा आकडा त्याला लावायचा नाही.

आता प्रवासाचं बघू. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला आम्ही गाडीनं गेलो. जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटर, मोकळ्या रस्त्यानं १० लिटर लागलं. म्हणजे २३ किलो. चौघं होतो, म्हणून माणशी पावणेसहा किलो. तेवढ्याच अंतराला एसटी लिटरला साडेचार किलोमीटर धरली, तर तिला सुमारे ३६ लिटर डिझेल लागेल, म्हणजे ९७ किलो. बसमध्ये ४० माणसं असली तर माणशी अडीच किलोसुद्धा नाही. पण तीच बस दहाच माणसं घेऊन धावली तर माणशी जवळजवळ दहा किलो. म्हणून "बस नेहमीच चांगली" असं आंधळेपणानं मी म्हणणार नाही. भरलेली बस चांगली, भरलेली गाडी मध्यम आणि एकट्या माणसाची गाडी सगळ्यात वाईट.

या आकड्यांच्या मर्यादाही सांगते. २.३ हा शुद्ध पेट्रोलचा आकडा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये कार्बन कमी, त्यामुळे अशा लिटरमधून सुमारे २.१ किलो निघतो. शिवाय इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासून होतं आणि त्या पिकांनी तो कार्बन हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून काही जण त्याचा भाग वगळून १.८ धरतात. मला हे वगळणं पटत नाही. त्या पिकाला ट्रॅक्टरचं डिझेल लागलं, खत लागलं, कारखाना चालला. उलट बाजूनं, तेल जमिनीतून काढणं, शुद्ध करणं आणि टँकरनं कारंजापर्यंत आणणं यातला धूर आपल्या कुठल्याच आकड्यात नाही. म्हणून घरच्या वहीत २.३ च ठेवावा. तो काटेकोर नसेल, पण दर महिन्याला एकच माप राहिलं तरच मागचा महिना आणि हा महिना यांची तुलना होते.

आमच्या वहीतून एवढंच ठरलं: स्कूटीच्या अर्ध्या किलोमीटरच्या फेऱ्या पायी करायच्या आणि शिरपूरला पुढच्या वेळी दुसऱ्या घरातल्या तिघांना सोबत घ्यायचं. आमची गाडी सात जणांची आहे, मग तीन जागा रिकाम्या कशाला न्यायच्या? पेट्रोल थोडं जास्त लागेल, पण माणशी आकडा साडेतीन किलोच्या आत येईल.

शेगडी बारीक करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. या महिन्यात पंपाच्या पावत्या मागून घ्या आणि सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहा. मग घरात कोण किती जाळतं यावर बोलायला बसा.