हिरवा ठिपका पाहिलात, मागची यादी वाचलीत का?

पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. माळकरी घरातली, जैन किंवा कडक शाकाहार पाळणारी मंडळीही तेवढं बघून पाकीट फोडतात. हा ठिपका कायद्यातल्या व्याख्येवर चालतो, आणि ती तुमच्या घरातल्या व्याख्येशी जुळेलच असं नाही.

आपल्याकडच्या लेबलच्या २०२० सालच्या नियमांत मांसाहारी कशाला म्हणायचं ते लिहिलं आहे. प्राणी, पक्षी, कीटक, मासे, अंडी किंवा प्राण्यापासून मिळवलेला कुठलाही घटक असेल, तर तो पदार्थ मांसाहारी. त्यावर चौकोनात तपकिरी त्रिकोण असावा लागतो. (पूर्वी इथे तपकिरी गोल होता. रंगांधळ्या माणसाला तो हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नसे, म्हणून आकार बदलला. चांगला बदल.) पण याच व्याख्येतून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक वगळलेलं आहे.

शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे स्वतःभोवती हा राळेसारखा थर तयार करतात. फांद्या तोडून तो खरवडतात, कुटतात, धुतात आणि वितळवून गाळतात. त्यात असंख्य किडे मरतात. चॉकलेटच्या रंगीत गोळ्या, बडीशेपेच्या चकचकीत गोळ्या आणि औषधाच्या काही गोळ्यांवरचं आवरण यांत ती वापरली जाते. तब्येतीला तिचा अपाय नाही, म्हणून घाबरू नका. माझा आक्षेप वेगळा आहे. शाकाहारी माणसाला तपकिरी खूण नाही, आणि यादीत नुसता ‘९०४’ हा आकडा. हे नाव ठळक शब्दांत छापायला काय हरकत आहे?

आता असं एखादं पाकीट हातात घेऊ. समजा परदेशातून आलेल्या, लालगुलाबी कवचाच्या चॉकलेट गोळ्या आहेत. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, म्हणून साखर आणि कोको पुढे, रंग आणि चकाकी शेवटी. थेट शेवटच्या ओळी वाचा. तिथे ‘रंग (१००, १२०), ग्लेझिंग एजंट (९०१, ९०३, ९०४)’ असं दिसेल. १०० म्हणजे हळदीतला रंग, ९०३ म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण, दोन्ही वनस्पतीचे. ९०१ मधमाशीचं मेण, ९०४ लाख. आणि १२० म्हणजे कार्माइन. आकड्याआधी भारतीय पाकिटावर ‘आयएनएस’ असतं, युरोपातल्या पाकिटावर ‘ई’, आकडा तोच.

कार्माइन हा निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांना वाळवून, कुटून काढलेला लाल रंग. पेरूमध्ये त्याचं मोठं उत्पादन होतं. कोचिनील, कार्मिनिक ॲसिड, नॅचरल रेड ४ ही त्याचीच कुळातली नावं. ‘नैसर्गिक रंग’ असं पुढे छापलेलं असतं तेही खोटं नसतं, किडाही निसर्गातलाच! कायद्याने कीटक मांसाहारात मोडतात आणि या रंगाला लाखेसारखी सूट नाही. म्हणजे १२० आणि हिरवा ठिपका एकाच पाकिटावर दिसले तर ती चूक आहे. आयात मालावर हा ठिपका अनेकदा इथे लावलेल्या स्टिकरवर असतो, तेव्हा स्टिकर आणि मूळ यादी दोन्ही वाचा. विसंगती दिसली तर फोटो काढून एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार करा.

कार्माइनबद्दल मी डॉक्टर म्हणून जास्त आग्रही आहे. थोड्या लोकांना त्याची ॲलर्जी होते: अंगावर गांध्या, ओठ सुजणं, क्वचित श्वास अडकणं. अशा तक्रारींमुळेच अमेरिकेत २०११ पासून हे नाव लेबलवर स्पष्ट लिहावं लागतं. गुलाबी दही किंवा लाल मिठाई खाल्ल्यावर पुन्हा पुन्हा पित्त उठत असेल, तर ते पाकीट फेकू नका, दवाखान्यात घेऊन या. श्वासाला त्रास होत असेल तर मात्र पाकीट शोधत बसू नका, थेट जवळचं रुग्णालय गाठा.

आइसिंग्लासचं प्रकरण वेगळं, कारण ते यादीत सापडतच नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळ माशाचा भोत म्हणून आपले कोळी बांधव जो चढ्या भावाने विकतात, तोच हा अवयव. तसल्या पिशव्या वाळवून आइसिंग्लास करतात आणि काही बिअर, वाइन त्याने नितळ करतात. ते यीस्टचे कण एकत्र खेचून तळाशी बसवतं आणि वरचं पेय काढून घेतात. पेयात उरलं तर अगदी नाममात्र उरतं, म्हणून ते घटक न मानता प्रक्रियेतलं साधन मानतात. युरोपातही या वापरापुरती माशाची ॲलर्जी-सूचना माफ आहे. शिवाय आपल्याकडे दारूच्या बाटलीवर हिरवा ठिपका बंधनकारकच नाही, त्यामुळे तो नसण्यावरून काहीच कळत नाही. इथे यादी वाचून उपयोग नाही. बाटलीवर ‘व्हेगन’ असं लिहिलेलं बघा, नाहीतर कंपनीला ईमेल करून विचारा की गाळण्यासाठी नेमकं काय वापरता.