दुपारी चारची गोडाची हाक

जोहरची नमाज झाली, जेवण उरकले, की तासा-दोन तासांत आपल्यापैकी अनेकांचा हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. आपण त्याला जिभेचे चोचले म्हणतो. पण त्याचे कारण बहुतेक वेळा सकाळच्या आणि दुपारच्या ताटात असते.

आपल्याकडचा नेहमीचा दिवस पाहू. सकाळी सातला चहा-खारी, दीडला भरपूर भात आणि पातळ डाळ. खारीतला मैदा आणि पांढरा भात लवकर पचून रक्तात साखर वेगाने वाढते. ती उतरवायला शरीर इन्सुलिन सोडते आणि काही जणांची साखर तितक्याच वेगाने खाली येते. त्यातच दुपारी शरीराची स्वाभाविक सुस्ती असते. रात्री झोप कमी झाली असेल तर ती आणखी जाणवते. मग मेंदू झटपट मिळणारी ताकद, म्हणजे गोड, मागतो.

म्हणून चार वाजता मनाशी झगडण्यापेक्षा सकाळपासून सुरुवात करावी. खारीऐवजी पोळी आणि एक-दोन अंडी, नाहीतर वाटीभर उकडलेले हरभरे घ्यावेत. दुपारी भात थोडा कमी करून डाळ घट्ट करावी, सोबत काकडी-कांदा घ्यावा. जेवल्यावर दहा मिनिटे चालावे. जमल्यास पंधरा-वीस मिनिटांचा कैलुला करावा. तासभर झोपले तर उठल्यावर डोके जड होते.

मिठाई बंद करायची गरज नाही. पूर्ण बंदी केली की मन तिथेच घुटमळते आणि एक दिवस अख्खा डबा संपतो. शीरखुर्मा किंवा बर्फी खायची असेल तर जेवणाच्या शेवटी छोट्या वाटीत घ्यावी. भरल्या पोटी साखर हळू चढते आणि कमी गोडातच समाधान होते.

एवढे करूनही चारला इच्छा झाली, तर आधी पाणी प्यावे आणि स्वतःला विचारावे : आत्ता मूठभर फुटाणे चालतील का? चालतील, तर ती भूक आहे, फुटाणेच खावेत. फक्त गोडच हवे असेल, तर ती बहुधा सवय किंवा थकवा आहे. अशा वेळी एक-दोन खजूर चार-पाच शेंगदाण्यांबरोबर सावकाश चावून खावेत. खजूरही गोडच, त्यामुळे मोजूनच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असेल आणि अचानक घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे झाले, तर ती साधी इच्छा नव्हे, साखर उतरलेली असू शकते. तेव्हा फुटाणे देऊ नयेत. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.