एका पानाचा प्रश्न

शासनाची शिष्यवृत्ती आपल्या मुलांच्या दारात आली तरी ती घरात येत नाही, याचे कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. कळमनुरी तालुक्यातील एखाद्या गावी शाळेच्या फलकावर माहितीपत्रक लागते. कोणीतरी त्याचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढतो आणि ते वस्तीभर फिरते. कडा कापलेली, बारीक अक्षरे पुसट, आणि वरची वर्षाची ओळ तर छायाचित्रात आलेलीच नसते. मजुरीवरून परतलेला बाप ते कोणाकडून तरी वाचवून घेतो आणि जे ऐकू येते त्यावरच मुलाच्या चार वर्षांचा निर्णय होतो. म्हणून अशा पत्रकाचा सारांश एका पानावर कसा उतरवावा, हा आमच्या मते कारकुनी प्रश्न नसून हक्काचा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा घेऊ. केंद्र सरकारने 2008 साली सुरू केलेली ही योजना आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात तिची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल 12,000 रुपये मिळतात.

पान घेतल्यावर प्रथम चौकटी आखू नयेत. माथ्यावर दोनच गोष्टी लिहाव्या : पत्रक कोणी काढले आणि ते कोणत्या वर्षाचे आहे. ही दक्षता आम्ही उगाच सांगत नाही. या योजनेत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पूर्वी दीड लाख होती, ती पुढे साडेतीन लाख झाली. शिष्यवृत्तीची रक्कमही 2017 पूर्वी वर्षाला 6,000 होती. समजा, एका घराचे उत्पन्न एक लाख ऐंशी हजार आहे आणि हाती आले ते जुन्या पत्रकाचे छायाचित्र. तो बाप आपले मूल अपात्र समजून गप्प बसेल. वस्तुतः ते मूल पात्र आहे. छायाचित्रात दीड लाख किंवा 6,000 हा आकडा दिसला की ते पत्रक जुने, हे ओळखावे. वर्ष दिसत नसेल तर शाळेत जाऊन पुन्हा छायाचित्र घ्यावे. कागद सपाट ठेवावा, त्याचे चारही कोपरे आत यावेत आणि तळाच्या टिपा वाचता याव्यात.

आता पहिली चौकट, पात्रतेची. येथे तीन अटी येतात : शाळा, उत्पन्न आणि सातवीचे गुण. शाळा शासकीय, अनुदानित अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेची हवी. त्याखाली अपवादही लिहिलाच पाहिजे, कारण सारांश करणारा नेमका तोच गाळतो. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय व सैनिकी शाळा यांतील मुलांना ही योजना लागू नाही. शासनाच्या निवासी शाळेत राहण्याजेवण्याची सवलत घेणाऱ्यांनाही नाही. निवासी शाळेत आपल्या समाजाची मुले पुष्कळ असतात. अर्ज भरून निराश होण्यापेक्षा ही ओळ त्यांनी आधी वाचलेली बरी.

सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती व जमातींना 50. याच ठिकाणी आपल्या वाचकांनी थांबावे. धर्मांतरानंतर कित्येक घरांनी शाळेच्या दाखल्यावर अभिमानाने ‘बौद्ध’ असे लिहिले, आणि ते योग्यच केले. परंतु अर्जात धर्माचा रकाना वेगळा आणि प्रवर्गाचा वेगळा असतो. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्ध शब्द 1990 साली दाखल झाला; तेव्हापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या सवलतींतही अनुसूचित जातीचाच गणला जातो. धर्म लिहिला म्हणून प्रवर्गाचा रकाना मोकळा सोडू नये. तो मोकळा राहिल्यास मूल खुल्या प्रवर्गात पडण्याचा धोका असतो, आणि मग 52 टक्के मिळवलेली मुलगी पात्र असूनही अपात्र ठरते. आमच्या एका पानावर म्हणून ही ओळ ठळक लिहावी : धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती.

दुसरी चौकट कागदपत्रांची. प्रत्येक कागदापुढे तो कोठे मिळतो आणि केव्हा लागतो, हे लिहावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, आणि बौद्ध धर्मांतरितांसाठी त्याचा नमुना निराळा आहे. या प्रमाणपत्रासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. मराठवाड्यात तो निजामी राजवटीच्या दप्तरात किंवा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत शोधावा लागतो. त्यास महिने लागतात. म्हणून हा कागद यादीत सर्वांत वर असावा.

तिसरी चौकट मुदतीची. मुदत दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीची तारीख स्मरणाने लिहिणे हा गुन्हा समजावा. नियमित शुल्काची तारीख आणि पत्रकात असल्यास विलंब शुल्काची तारीख वेगवेगळ्या ओळींवर लिहावी. अर्ज मूल स्वतः भरीत नाही. तो शाळा भरते. त्यामुळे पालकाची खरी मुदत म्हणजे मुख्याध्यापकांनी मागितलेली तारीख. ती विचारून पानावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहावी. छायाचित्रात तारीख पुसट असेल तर तेथे अंदाजाचा आकडा न लिहिता ‘शाळेत विचारणे’ असे लिहावे.

चौथी चौकट निवडीच्या टप्प्यांची. परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणी 90 गुणांची आणि शालेय क्षमता चाचणी 90 गुणांची असते. दोन्ही मिळून 40 टक्के हवेत, अनुसूचित जातीस 32. ‘मिळून’ हा शब्द गाळला तर अर्थ उलटतो. एकूण 180 पैकी खुल्या मुलास 72 आणि अनुसूचित जातीच्या मुलास 57.6, म्हणजे पूर्णांकात 58 लागतात. वर सांगितलेल्या मुलीस 61 मिळाले, तर प्रवर्ग बरोबर असल्यास ती पात्र, चुकला असल्यास बाद. पण पात्र होणे म्हणजे निवड होणे नव्हे. निवड गुणानुक्रमे आणि आरक्षणाने होते, आणि राज्याच्या वाट्याच्या जागा 11,682 च आहेत. निवडीनंतरही पैसे आपोआप येत नाहीत. नववीत नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नाव नोंदवावे लागते, शाळा व जिल्हा यांची पडताळणी व्हावी लागते, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. निवड झाल्यावर मंडळी निश्चिंत होतात आणि येथेच हरतात.

पान पुरे झाल्यावर एकाने मूळ पत्रक मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पानावर बोट ठेवावे. आकडे आणि ‘किमान’, ‘कमाल’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ हे शब्द जुळतात काय, एवढेच पाहावे. न्यायालयात दावे याच शब्दांवर उभे राहतात आणि याच शब्दांवर पडतात, हे वकिलीत आम्ही रोज पाहतो. सारांशाने मूळ पत्रक रद्द होत नाही. वाद पडल्यास मूळच प्रमाण. म्हणून पानाच्या मागे त्या पत्रकाची प्रत जोडावी.

वाचकहो, हे पान लिहिण्यास एक संध्याकाळ पुरते. कळमनुरीच्या विहारात वंदनेनंतर दोन शिकलेल्या तरुणांनी ते तयार करून आठवीच्या प्रत्येक मुलाच्या घरी द्यावे, आणि प्रवर्गाचा रकाना कसा भरला आहे हे अर्ज जाण्यापूर्वी शाळेत पाहून यावे.