गंगाजळीचा आकडा आणि हातातील चलन

एखाद्या देशाचे चलन कोसळले म्हणजे ते एका रात्रीत कोसळले असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुस्थिती तशी नसते. घर पडण्यापूर्वी भिंतीस तडे जातात. ते पाहावयाचे कोठे, एवढाच प्रश्न असतो. याचे उत्तर आमच्याच देशाच्या १९९१ सालच्या अनुभवात इतके स्पष्ट लिहिलेले आहे की त्यासाठी परमुलखात जाण्याचे कारण नाही.

मार्च १९९० अखेर भारताची एकूण गंगाजळी सुमारे ३९६ कोटी डॉलर होती. मार्च १९९१ अखेर ती ५८३ कोटी डॉलर झाली. केवळ हा आकडा वाचणाऱ्यास वाटावे की देशाची स्थिती सुधारली! पण मधल्या काळात, ऑक्टोबर १९९० मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या सोन्याची किंमत जुन्या ठरीव दराऐवजी बाजारभावानजीक धरण्यात आली. मुख्यतः त्यामुळे ४९ कोटी डॉलरांचे सोने वहीत ३५० कोटींचे झाले. प्रत्यक्ष खर्चता येण्याजोगे परकीय चलन मात्र ३३७ कोटींवरून २२४ कोटी डॉलरांवर उतरले होते. एकूण गंगाजळी अडीच महिन्यांच्या आयातीस पुरेल असे दिसत होते. हातातील चलन जेमतेम एका महिन्याचे होते. वहीतील आकडा वाढत असता पेटी रिकामी होत होती, हा पहिला तडा.

दुसरा तडा कर्जाच्या मुदतीत होता. त्या वेळी देशावरील एकूण परकीय कर्ज सुमारे ८,३८० कोटी डॉलर होते आणि त्यांतील अल्पमुदतीचे अवघे ८५४ कोटी, म्हणजे दशांशाहून किंचित अधिक. हे प्रमाण अल्प वाटते. पण ते मोजावयाचे एकूण कर्जाशी नव्हे. पेठेत वाढलेल्या आमच्या वाचकांस हे समजावून सांगावयास नको. वीस वर्षांच्या मुदतीचे देणे असलेली पेढी सुखाने चालते. येत्या पंधरवड्यात पटवावयाच्या हुंड्या रोकडीहून जड झाल्या की तिचे दिवाळे वाजते. हे अल्पमुदतीचे देणे एकूण गंगाजळीच्या जवळजवळ दीडपट होते आणि हातातील चलनाच्या तर जवळजवळ चौपट! सावकार मुदत वाढवून देत होते तोवर हा बोजा कोणास जाणवला नाही.

आणि ते कर्ज वाढले कशामुळे? येथे तिसरा तडा दिसतो. चालू खात्यातील तूट, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या देवघेवीत मिळकतीहून खर्च जितका अधिक ती रक्कम, सहाव्या पंचवार्षिक योजनेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड टक्क्याच्या आत होती. सातव्या योजनेत ती दोन टक्क्यांच्या वर गेली आणि १९९०-९१ मध्ये तीन टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ९६८ कोटी डॉलरांवर पोहोचली. ही वाढती तूट अधिकाधिक प्रमाणात व्यापारी कर्जांनी आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवींनी भरली जात होती. हा पैसा विश्वासाने येतो आणि अविश्वासाने तितक्याच वेगाने परत जातो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले आणि तेल भडकले. पुष्कळजण यालाच संकटाचे कारण समजतात. आमच्या मते ती केवळ ठिणगी होती. दारू आधीच साठविलेली होती. देशाची पत खालावताच अल्पमुदतीची कर्जे पुढे ढकलण्यास परदेशी बँका तयार होईनात आणि अनिवासी ठेवी काढल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९९१ मध्ये हातातील चलन ९० कोटी डॉलरांच्या आत आले. मे महिन्यात २० टन सोने परत विकत घेण्याच्या बोलीवर विकावे लागले. जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन विमानाने लंडनला पाठवून ४० कोटी डॉलर उभे करावे लागले. त्याच महिन्याच्या १ व ३ तारखेस दोन टप्प्यांनी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला.

मात्र यातील एकच खूण धरून भाकीत करणारा फसेल. २०१२-१३ मध्ये चालू खात्यातील तूट ४.८ टक्के, म्हणजे १९९१ हूनही मोठी होती. २०१३ च्या उन्हाळ्यात रुपया बराच घसरलाही. पण सोने गहाण टाकण्याची पाळी आली नाही. कारण गंगाजळी २९,२०० कोटी डॉलरांची होती आणि मूळ अल्पमुदतीचे कर्ज तिच्या तृतीयांशाइतकेच होते. तथापि येथेही एक मेख आहे. दीर्घ मुदतीच्या ज्या कर्जाचा हप्ता याच वर्षात फेडावयाचा असतो तो या गणनेत येत नाही. तो मिळविल्याखेरीज खरे देणे कळत नाही.

म्हणून आम्ही वाचकांस इतकेच सुचवितो. कोणत्याही सरकारने गंगाजळीचा मोठा आकडा पुढे केला की तीन प्रश्न विचारावेत: यातील आज खर्चता येईल असे चलन किती, येत्या बारा महिन्यांत देणे किती, आणि तूट भरणारा पैसा उद्या माघारी जाण्याजोगा आहे काय? संकट कोणत्या तारखेस येईल हे या उत्तरांतून कळणार नाही. पण ठिणगी पडलीच तर घर पेटेल की नाही, हे निश्चित कळेल.