चौकोन हा मजकुराचा दोष नव्हे

सीमाभागात वकिली करताना मराठी अर्ज नाकारण्याची अनेक कारणे मी ऐकली आहेत. अनुवादक नाही, नियम नाही, वरून आदेश नाही. या यादीत आणखी एका कारणाची भर पडली आहे आणि ते सर्वांत साळसूद आहे: "वकीलसाहेब, तुमची मराठी आमच्या कॉम्प्युटरवर दिसतच नाही." या वाक्यापुढे आपली माणसे निमूटपणे मान तुकवतात, हे मला अधिक खटकते. म्हणून हे कारण पुराव्यासारखे तपासून पाहू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पक्षकाराचा शेतवाटेविषयीचा मराठी अर्ज मी एका कार्यालयाला संगणकीय फाइलच्या रूपात पाठविला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की मजकूर खराब झाला आहे, कन्नड किंवा इंग्रजीत द्यावा. मी प्रत्यक्ष जाऊन पडदा पाहिला. अर्जाच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा होत्या. तीच फाइल मी त्यांच्यासमोर माझ्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा अर्ज काना-मात्रेसह जसाच्या तसा दिसला. खराब झाले होते ते पाहणारे यंत्र, मजकूर नव्हे.

याचे कारण समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. युनिकोड मजकुरात अक्षराचे चित्र साठवलेले नसते, त्याचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाचे चित्र फॉन्टमधून येते. फॉन्टमध्ये ते चित्र नसेल, तर यंत्र त्या जागी चौकोन काढते. चौकोन म्हणजे यंत्राचा कबुलीजबाब: "येथे अक्षर आहे, पण मला ते काढता येत नाही." तुटलेले जोडाक्षर हा वेगळा दोष. तेथे फॉन्ट असतो, परंतु अक्षरे जुळवणारी यंत्रणा नसते किंवा अपुरी असते. मग 'न्याय'मधला न हलन्त दाखवत य-पासून वेगळा उभा राहतो आणि 'स्थिती'मधली पहिली वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी न येता नंतर येते. या दोन्ही प्रकारांत मूळ मजकूर शाबूत असतो.

प्रश्नचिन्हांच्या रांगेचे मात्र तसे नाही. देवनागरी मजकूर नोटपॅडमध्ये ANSI या जुन्या पद्धतीने जतन केला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. मूळ क्रमांक पुसला जातो आणि कोणताही फॉन्ट तो परत आणू शकत नाही. चौकोन म्हणजे पुरावा सुरक्षित आणि पाहणारा आंधळा. प्रश्नचिन्ह म्हणजे पुरावाच नष्ट. दोन्हींतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. तो मजकूर निवडून, कॉपी करून नव्या फोनवर स्वतःलाच पाठवावा. तेथे मराठी उमटली, तर दोष यंत्राचा. तेथेही प्रश्नचिन्हेच आली, तर फाइल नव्याने मागवावी.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 याच्या कलम 4 नुसार, लेखी असण्याची अट इलेक्ट्रॉनिक मजकुराने पूर्ण होते. तो पुढे संदर्भासाठी वापरता येईल असा उपलब्ध असला पाहिजे, एवढेच. चौकोनांत दिसणारा अर्ज दुसऱ्या यंत्रावर वाचता येतो, म्हणून माझ्या मते तो या कसोटीला उतरतो. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. समोरच्या टेबलावरील यंत्रात फॉन्ट असेल तरच हा हक्क मिळेल, अशी अट त्या अनुच्छेदात मला कोठे आढळली नाही.

त्या कार्यालयातील संगणक विंडोज एक्सपीचा होता. त्या प्रणालीत Regional and Language Options मधील Languages या पानावर जटिल लिप्यांसाठी एक चौकट असते. ती निवडून मूळ सीडीवरील फाइली घातल्या की देवनागरी सुरू होते. आम्ही तसे केले आणि अर्ज दिसू लागला. फक्त एक चौकोन उरला, तोही नेमका माझ्या नावाआधी! 'ॲड.' मधला ॲ. त्याचा क्रमांक U+0972 असून तो युनिकोडमध्ये 2008 साली आला. त्यापूर्वी तयार झालेल्या फॉन्टला तो ठाऊक असणे शक्य नव्हते. 'लोहित देवनागरी' हा मोफत फॉन्ट घातल्यावर तोही चौकोन गेला. अर्ज नाकारण्याचे कारण तासाभरात संपले.

आता दुसऱ्या बाजूचीही उलटतपासणी केली पाहिजे, कारण आपणही निर्दोष नाही. ॲ दिसत नाही म्हणून आपल्यातले अनेक जण अ टंकून त्यावर वेगळा चंद्र ठेवतात. जुन्या यंत्रावर ते साजरे दिसते, पण काही नव्या यंत्रांवर त्याच जागी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. शिवाय यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे मजकूर आहेत. एकाने शोध घेतल्यास दुसरा सापडेलच असे नाही. त्याहून घातक चूक अर्ध्या र-ची. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला, 'आचार्यास' म्हणजे गुरूला. पहिल्या शब्दातला र काही ठिकाणी एका अदृश्य जोडचिन्हाने टंकला जातो. एखाद्या प्रणालीने ते चिन्ह गाळले, की चौकोन दिसत नाही, काही तुटतही नाही. स्वयंपाकी गुपचूप गुरू होतो. हे टाळण्यासाठी नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असे टंकावे. तेथे अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही.

आणि रोमन लिपीत मराठी लिहिण्याची पळवाट? 'kal' हा काल की काळ, 'mal' हा मळ की माल, हे जमिनीच्या दाव्यात कोण ठरवणार? अर्जाचे छायाचित्र पाठवणेही अर्धाच उपाय आहे. चित्रातला मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीचे वाचनयंत्र तो तसा वाचू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे नेमके असे. कार्यालयाला अर्ज देताना फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ द्यावी, सोबत मूळ युनिकोड मजकूरही द्यावा. मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी पानासोबत फॉन्ट पाठवण्याची सोय करावी. त्याने चौकोन जातात. मात्र अगदी जुन्या फोनवर जोडाक्षरे तुटतच राहतील, कारण जुळवणी फॉन्ट एकटा करत नाही. त्या वाचकांसाठी पीडीएफ ठेवावी. प्रसिद्ध करण्यापूर्वी घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर 'ॲड.', 'शेतकऱ्यास', 'निर्णय', 'स्थिती' हे चार शब्द पाहून घ्यावेत.

आणि कोणी "दिसत नाही" म्हणून अर्ज परत केला, तर तेच कारण त्यांच्याकडून लेखी, सही-शिक्क्यानिशी मागावे. तोंडी सांगितलेले हे कारण कागदावर उतरवण्यास सहसा कोणी धजावत नाही, असा माझा अनुभव आहे.