डिलिव्हरीच्या पोरांनी कोणती गाडी घ्यावी?

आदिलाबादेत गेल्या काही वर्षांत जेवणाचे डबे व पार्सल पोचविण्याच्या कामात आपल्या समाजाची बरीच मुले शिरली आहेत. शेत थोडे, नोकरी नाही, म्हणून पोरगा आधी गाडी घेतो व मग काम शोधतो. घरातील वडीलधारी मंडळी विचारतात ते एवढेच की हप्ता किती. माझ्या मते हप्त्याच्या आधी महिन्याचे पेट्रोल विचारावे. हप्ता तीन वर्षांत संपतो, पेट्रोल संपत नाही.

थोडा हिशोब करू. दिवसाला ८० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस काम धरले तर २००० किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला ११० रुपये धरू. तरुणांना आवडणारी दीडशे सीसीची गाडी गल्लीबोळात ४५ चे अ‍ॅव्हरेज देत असेल, तर महिन्याला सुमारे ४४ लिटर, म्हणजे जवळजवळ ४,९०० रुपये लागतात. साधी शंभर सीसीची गाडी ६० देत असेल तर सुमारे ३,६७० रुपये. महिन्याला बाराशेहून अधिक रुपये वाचले.

आता ६० वरून ७५ वर गेलो तर? वाढ तेवढीच १५ ची, पण बचत फक्त सव्वासातशेच्या आसपास. अ‍ॅव्हरेज जसजसे वाढते तसतसा पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा फायदा घटत जातो. म्हणून शंभर सीसीच्या दोन गाड्यांत पाच-सहा किलोमीटरच्या फरकावर घासाघीस करू नये. त्यापेक्षा गाडी कुठे दुरुस्त होते ते पाहावे. एक दिवस गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली.

या दृष्टीने स्प्लेंडर किंवा एचएफ डिलक्स या वर्गातील गाडी मला बरी वाटते. प्लॅटिना, शाईन १०० याही त्याच वर्गातल्या. स्प्लेंडरचा फायदा असा की तिचे सामान व तिच्यावर हात बसलेला मिस्त्री बेला, जैनदसारख्या ठिकाणीही भेटतो. जड गोण्या, गॅस शेगड्या असले सामान नेणाऱ्याने टीव्हीएसची एक्सएल १०० पाहावी. पुढे सपाट जागा आहे आणि गिअरची कटकट नाही. टाकी मात्र चार लिटरचीच. स्कूटर सोयीची खरी, पण तिच्या पट्ट्याचे व रोलरचे काम चेन-स्प्रॉकेटइतके सोपे नाही, कुठल्याही झाडाखाली होत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्याआधीची गाडी गल्लीतला मिस्त्री पान्याने ट्यून करतो. नवीत बिघाड आला तर मशीन लावून तपासावे लागते. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो व पेट्रोलनेच थंड राहतो. पन्नास-पन्नासचे पेट्रोल टाकून सदा रिझर्व्हवर पळविण्याची आपल्या पोरांची सवय त्याला मारक आहे.

कंपनीच्या जाहिरातीतील आकडा धरू नये, स्वतः मोजावा. टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवावे, दोनशे किलोमीटर रोजचेच काम करावे आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करावे. जेवढे पेट्रोल मावले त्याने किलोमीटरला भागावे. महिन्याला एकदा असे केले म्हणजे गाडी कुठे बिघडते ते आधी कळते. आकडा अचानक घसरला तर प्रथम टायरची हवा पाहावी. मग गाडी स्टँडवर लावून चाक हाताने फिरवावे. ब्रेक घासत असेल तर ते अडखळते व ड्रम तापलेला लागतो. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, असे झाले तर क्लचप्लेट गेल्या समजाव्यात. कापसाच्या दिवसांत, रस्त्यावर धूळ व तंतू उडत असताना, एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर पाहावा. ऑइलचेही तेच. दर सिग्नलला थांबणारी गाडी किलोमीटर कमी दाखविते, पण इंजिन मात्र तासन्‌तास चालू असते.

पैनगंगेपलीकडे पेट्रोल स्वस्त म्हणून महाराष्ट्रात टाकी भरायला जाणारेही आहेत. लिटरमागे दोन-चार रुपये वाचविण्यासाठी जाऊन-येऊन जे जळते ते कोण मोजणार? खरा प्रश्न आपल्या राज्याच्या कराचा आहे. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२० टक्के व्हॅट आहे. वरच्या हिशोबातला साध्या गाडीवाला पोरगा महिन्याला सुमारे ३३ लिटर जाळतो, म्हणजे साडेनऊशे रुपयांच्या आसपास तो राज्याच्या तिजोरीत भरतो. आपल्या संघटनेच्या पुढच्या निवेदनात हा आकडा असावा, आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारला जावा.