वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी

मे महिन्यात दुपारी वीज जाते. तीन तासांनी येते. तुम्ही फ्रीजर उघडता, तर आइस्क्रीमचा डबा कडेने मऊ पडलेला असतो. टाकवत नाही, कारण डबा महागाचा आहे. तो तसाच राहतो, रात्री पुन्हा गोठतो आणि दुसऱ्या दिवशी मुलं म्हणतात, ‘‘हे कसंतरीच लागतंय.’’ मग घरात वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, काही होत नाही. दुसरा म्हणतो, विष झालं असेल.

खरं तर यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. चव आणि पोत का बिघडला, हा एक. ते खाऊन कोणी आजारी पडेल का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

आधी पोताचं बघू. आइस्क्रीम म्हणजे नुसतं गोठलेलं दूध नव्हे. त्यात दुधाची चरबी, साखर, बर्फाचे फार बारीक कण आणि भरपूर हवा असते. हवा किती, ते डब्यावरच कळतं. आपल्याकडच्या नियमानुसार 1 लिटर आइस्क्रीमचं वजन निदान 525 ग्रॅम असावं लागतं. म्हणजे लिटरच्या डब्यात साधारण अर्धी जागा हवेची असू शकते. म्हणून ते जिभेवर हलकं लागतं.

कारखान्यात मिश्रण सतत घुसळत, फार झपाट्याने थंड करतात. त्यामुळे बर्फाचे कण मोठे व्हायला सवड मिळत नाही. ते इतके लहान राहतात की जिभेला वेगळे जाणवत नाहीत. लाकडी पिंपात बर्फ आणि मीठ घालून पॉट आइस्क्रीम करताना दांडा फिरवत राहतात, तेही याचसाठी.

ते वितळलं की कण पाणी होतात आणि हवा निघून जाते. घरच्या फ्रीजरमध्ये ते पुन्हा गोठतं, पण हळूहळू, आणि घुसळायला कोणी नसतं. आता मोजके पण मोठे कण तयार होतात. म्हणून ते करकरीत, बर्फाळ लागतं. हवा गेल्यामुळे पातळी खाली बसते आणि गोळा दगडासारखा घट्ट होतो. कधी वाळूसारखी कचकच लागते. ती दुधातल्या साखरेची असते.

यातल्या कशानेही पोट बिघडत नाही. पूर्ण न वितळताही हे होतं. फ्रीजरचं दार दिवसभर उघडझाप होत राहिलं, तरी महिन्याभरात डबा बर्फाळ होतो. असं आइस्क्रीम बेचव असेल, पण तेवढ्याने ते धोक्याचं ठरत नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साखरेमुळे आइस्क्रीम शून्याच्या खालीच वितळतं. नुकतंच पातळ झालेलं आइस्क्रीम अजून उणे 2–3 अंशांवर असतं. म्हणजे फ्रीजच्या खालच्या कप्प्यातल्या दुधापेक्षाही ते गार असतं. मऊ झालं म्हणजे गरम झालं, असं नाही.

रोगजंतू भराभर वाढायला ऊब लागते. 4 अंशांच्या खाली बहुतेकांची वाढ फार मंदावते. 4 ते 60 अंशांच्या मधे ते सुखाने वाढतात आणि आपलं उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर बरोबर त्या मधोमध येतं. म्हणून आइस्क्रीम वितळलं का, एवढंच विचारून भागत नाही. ते किती गरम झालं आणि किती वेळ तसं राहिलं, हे विचारायला हवं.

एकाच घरातले दोन डबे घ्या. दोन्ही लिटरचे, दोन्ही उघडलेले. नागपूरची दुपार आहे, बाहेर 44 अंश.

पहिला डबा फ्रीजरमध्ये होता. दोनला वीज गेली, पाचला आली. मधे कोणी दार उघडलं नाही. डब्याच्या कडा मऊ झाल्या, पण मधला गोळा घट्ट राहिला आणि हाताला डबा बर्फासारखा गार लागला. हा डबा गार साखळीतून बाहेर पडलाच नाही. त्याचा पोत थोडा उतरेल, बाकी काही नाही. तो पुन्हा गोठू द्या आणि लवकर संपवा.

दुसरा डबा जेवणानंतर टेबलावर राहिला. पाच वाजता कोणाच्या तरी लक्षात आलं. तोवर त्याचं कोमट दूध झालं होतं. घाईघाईने तो फ्रीजरमध्ये गेला. हा डबा टाकून द्यायचा.

का, ते हिशोबानेच पाहा. समजा, एखाद्या चमच्याबरोबर शंभर जंतू डब्यात गेले. पहिला तासभर आइस्क्रीम गारच होतं, त्यामुळे फारसं काही झालं नाही. पुढचे दोन तास ते कोमट होतं. चांगली ऊब मिळाली, तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे शंभराचे 6,400. आणखी दोन तास गेले, तर चार लाखांच्या वर.

मग डबा फ्रीजरमध्ये गेला. लोक चुकतात ते इथे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, बहुतेक नुसते थांबतात. पुढच्या वेळी डबा बाहेर राहिला, तर मोजणी शंभरापासून नव्हे, 6,400 पासून सुरू होते. आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे सारखेच बर्फाळ दिसतील. वासही सारखाच येईल. चाखून तुम्हाला फरक कळणार नाही. म्हणून त्या डब्याचं काय झालं होतं, हे घरात कोणाला तरी ठाऊक असावं लागतं.

‘‘उकळून घेते, मग काय होतंय,’’ असंही घरोघरी म्हणतात. उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. पण स्टॅफिलोकोकस नावाचा एक जंतू आपल्या हातांवर, नाकात, जखमेवर असतो. तो कोमट दुधाच्या पदार्थात वाढला की विष सोडतो आणि ते विष उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून टेबलावर विसरलेल्या आइस्क्रीमची खीर करू नका, मिल्कशेकही करू नका.

मग घरात नियम काय ठेवायचा? आइस्क्रीम फ्रीजरमधून बाहेर काढलं की घड्याळ पाहा. एरवी दोन तासांची मर्यादा धरा. खोली 32 अंशांपेक्षा गरम असेल, तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून एकच तास धरावा, हे बरं. त्यावर गेलेला कोमट डबा फेका. किती वेळ गेला हे कोणालाच सांगता येत नसेल, तरीही फेका.

वीज गेली की फ्रीजरचं दार उघडू नका. ‘वितळलं का बघते’ म्हणून उघडणं हेच सगळ्यांत जास्त गारवा घालवतं. एका दाराच्या फ्रीजमधला छोटा बर्फाचा कप्पा वेगळ्या डीप फ्रीजरइतका टिकत नाही, हेही लक्षात असू द्या. वीज आल्यावर डबा पातळ पण थंडगार असेल, तर तो पुन्हा गोठवण्यापेक्षा त्याच दिवशी दुधात घालून पिऊन टाका. तसाही त्याचा पोत परत येणार नाही.

सुट्टीत गावी जाताना एक वाटी पाणी फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाशी असेल, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. अशा वेळी आइस्क्रीम ठेवू नका. नाणं वर असेल आणि आइस्क्रीम मात्र बसलेलं असेल, तर घाबरू नका. आइस्क्रीम बर्फाच्या आधी वितळतं.

डब्यात थेट चमचा घालून खायची सवय मोडा. तोंडात गेलेला चमचा पुन्हा डब्यात गेला की तोंडातले जंतूही आत जातात. लागेल तेवढं वाटीत काढा, झाकण लावा आणि डबा लगेच आत ठेवा.

घरी आंबा आइस्क्रीम करणाऱ्या बायका इथे शंका काढतील. आपण तर अर्धवट गोठलेलं मिश्रण बाहेर काढतो, मिक्सरमधून फिरवतो आणि पुन्हा गोठवतो. मग ते कसं चालतं? चालतं, कारण ते काही मिनिटांत होतं आणि मिश्रण थंडच राहतं. फिरवल्यामुळे मोठे कण मोडतात आणि हवा शिरते, म्हणून ते मऊ होतं. फक्त दूध आधी नीट उकळलेलं असू द्या. भांडं आणि मिक्सरचं पातं स्वच्छ आणि कोरडं ठेवा. कच्चं अंडं घालू नका, त्यात साल्मोनेला असू शकतो.

दुकानातून घेताना डबा हातात घेऊन पाहा. बाहेर ओघळ सुकलेले, डबा वाकडा झालेला, दाबल्यावर मऊ, असं असेल तर तो मधे कुठेतरी वितळला आहे. किती वेळ, ते दुकानदारालाही माहीत नसतं. दुसरा घ्या. घरी उघडल्यावर आइस्क्रीम झाकणाला चिकटलेलं किंवा एका बाजूला कललेलं दिसलं, तर परत करा. खरेदीत आइस्क्रीम शेवटी घ्या. दुपारी गाडीच्या डिकीत ते अर्धा तासही ठेवू नका.

घरात गरोदर बाई, तान्हं मूल, खूप म्हातारं माणूस किंवा कॅन्सरचे उपचार घेणारं कोणी असेल, तर हे सगळं आणखी कडक पाळा. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो. अमेरिकेत 2015 मध्ये ब्लू बेल कंपनीच्या आइस्क्रीममध्ये तो सापडला. कॅन्सास राज्यातल्या एका रुग्णालयात त्या आइस्क्रीमचे मिल्कशेक रुग्णांना दिले जात होते. तिथले पाच जण आजारी पडले, त्यांतले तिघे गेले. ते आधीच अशक्त होते. जंतू कारखान्यातच शिरला होता. म्हणून अशा माणसांसाठी आइस्क्रीम पाश्चराइज केलेल्या दुधाचं, बंद पॅकमधलं घ्या. शेक करायचा तर ताजा करा आणि लगेच द्या. उरलेला रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नका.

आइस्क्रीम खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झालेच, तर ओआरएस घोट-घोट देत राहा. ताप चढला, शौचातून रक्त आलं, लहान मुलाची लघवी कमी झाली किंवा ते मलूल पडलं, तर वाट पाहू नका. गरोदर बाईला नुसता ताप आला तरी डॉक्टरांकडे न्या आणि काय खाल्लं होतं ते सांगा. लिस्टेरियाचा त्रास खाल्ल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतो, म्हणून मागच्या महिन्यातलं खाणंही आठवून सांगा.